करंट किती, एक्स्पेक्टेड किती, मेलवर कळवा

मार्च महिना होता. राळेगाव तालुक्यातल्या एका कृषी केंद्राच्या ओट्यावर बसून मी दुकानदाराशी उरलेल्या बियाण्याच्या पाकिटांचा हिशेब करत होतो. तेवढ्यात नागपूरच्या एका कन्सल्टन्सीतून मॅडमचा फोन आला. बियाणे कंपनीत टेरिटरीची जागा आहे, हेडक्वार्टर वणी; वणी, मारेगाव आणि झरी जामणी हे तीन तालुके बघायचे. बोलणं चांगलं झालं. शेवटी म्हणाल्या, "सर, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी आणि नोटीस पिरियड मेलवर टाका. आज संध्याकाळपर्यंत."

शेजारी माझा मित्र होता. तो म्हणाला, "काऊन लिहून देतं बे? तोंडी सांग ना. अन् सांगाचंच असन तर वाढवून सांग, त्याहीले काय मालूम पडते!"

मालूम पडते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ते भोगलं आहे. तेव्हा एका कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर मी "24 हजार इन-हँड" असं लिहिलं होतं. माझ्या मते ते खोटं नव्हतं, कारण बँकेत महिन्याला तेवढे पैसे खरंच येत. पण त्यात साडेपाच-सहा हजार पेट्रोलचे आणि दौऱ्याच्या जेवणाखाण्याचे असत. गाडी फिरवून आधी खर्च करायचा आणि नंतर बिल लावून तो परत घ्यायचा, त्याला पगार म्हणत नाहीत, हे मला कळलं नव्हतं. मुलाखत झाली, मग तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या. स्लिपेवर हातात 18 हजार दिसले. त्यानंतर त्या माणसाने फोन उचलला नाही. मी कितीदा समजावलं असतं तरी माझं लिहिलेलं त्याच्यासमोर होतं आणि स्लिपही.

म्हणून या वेळी आधी स्लिप काढून कागदावर मांडणी केली. मी कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या पेरोलवर. बेसिक 12,000, बाकी भत्ते 8,000, म्हणजे ग्रॉस 20,000. त्यातून माझा पीएफ 1,440, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचे 150 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापला की हातात 18,210. पण सीटीसी म्हणजे हातात येतं ते नव्हे, मालकाला मी कितीला पडतो ते. म्हणून ग्रॉसमध्ये त्याच्या वाट्याचा पीएफ 1,440, ईएसआयसी 650 आणि बेसिकच्या 4.81 टक्क्यांप्रमाणे ग्रॅच्युइटीचे 577 मिळवले. महिन्याचे 22,667 झाले आणि वर्षाचे 2 लाख 72 हजार. हातात येणाऱ्याला बाराने गुणलं असतं तर 2 लाख 18 हजारच भरले असते. म्हणजे मागच्या वेळी मी फुगवून सांगितलं, आणि या वेळी भोळेपणाने इन-हँड लिहून स्वतःलाच 53 हजारांनी खाली पाडलं असतं.

आकडा सांगावाच का, हाही विचार आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत आधीचा पगार विचारायलाच कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, आणि मॅडमच्या एक्सेल शीटमधला तो रकाना रिकामा राहिला तर माझं नावच पुढे जात नाही. तरी मी फोन करून एक विचारलं, "मॅडम, या जागेचं बजेट किती आहे?" त्या हसल्या. "साडेतीन ते चारच्या आसपास. पण सर, साधारण तीस टक्के हाईक देतात." आणखी एक विचारलं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील धरतात का? नाही, फक्त नवरा-बायको आणि मुलं.

ते दुसरं उत्तर माझ्यासाठी जास्त मोलाचं होतं. ईएसआयसी 21 हजारांपर्यंतच्या पगारालाच लागू असते. आईचा मोतीबिंदू नागपूरच्या सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात झाला, एक रुपया लागला नाही. नव्या नोकरीत पगार 21 हजारांच्या वर गेला की ते कार्ड बंद. आईची पॉलिसी मलाच काढावी लागणार, महिन्याला अंदाजे दीड हजार. शिवाय वणीत खोली, साडेचार हजार. आता घरी राहतो, भाडं नाही.

मग तीस टक्क्यांचा हिशेब करून पाहिला. 2.72 चे 3.54 लाख होतात, महिन्याचे 29,500. त्यातून मालकाचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटी सातशे-साडेसातशे, मग माझा पीएफ 1,800 आणि टॅक्स 200. हातात साधारण 25 हजार. त्यातून खोली आणि पॉलिसी वजा केली की उरतात 19 हजार. आज 18,210 उरतात. तीस टक्के वाढ घेऊन, गाव सोडून, महिन्याला आठशे रुपये!

म्हणून अपेक्षा टक्क्यांत मांडायची नाही असं ठरवलं. माझा उलटा हिशेब असा होता: हातात 30 हजार यावेत, म्हणजे ग्रॉस 32 हजार, म्हणजे सीटीसी 4 लाख 15 हजार. बजेटच्या थोडं वर जात होतं, पण खाली उतरायला जागा हवीच. आधी "3.6 ते 4.2" असं लिहिलं होतं. आमच्या कॉलेजच्या एका सीनियर दादाला दाखवलं, तो एका कंपनीत एरिया मॅनेजर आहे. त्याने वाचलं आणि म्हणाला, "तू दोन आकडे लिहिले, ते एकच वाचतील. 3.6. तो वरचा शोभेला ठेवला का?" रेंज खोडली.

मेल इंग्रजीतच पाठवला. मराठीत मजकूर असा होतो:

"सध्याचा फिक्स्ड सीटीसी वर्षाला 2.72 लाख, पेरोल ठेकेदाराचा. गेल्या खरिपात मिळालेला इन्सेन्टिव्ह 24 हजार, वेगळा. पेट्रोल व दौरा खर्च बिलाप्रमाणे परत मिळतो, तो वरील आकड्यांत धरलेला नाही. अपेक्षा: फिक्स्ड 4.15 लाख, इन्सेन्टिव्ह व दौरा खर्च सोडून. वणीला स्थलांतर आणि तीन तालुक्यांची जबाबदारी धरून ही अपेक्षा आहे. पूर्ण ब्रेकअप पाहून चर्चा करता येईल. नोटीस एक महिना."

मॅडमचा लगेच फोन. "सर, पन्नास टक्क्यांच्या वर होतंय, कंपनी मानणार नाही." मी भाडं आणि ईएसआयसीचा हिशेब सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे मी शीटच्या रिमार्कमध्ये टाकते."

दोन मुलाखतींनंतर ऑफर आली, फिक्स्ड 3.84 लाख. हातात 27,400 च्या आसपास. तीस हवे होते, पण खर्च जाऊन आजच्यापेक्षा तीन हजारांच्या वर जास्त सुटत होते आणि पेरोल थेट कंपनीचा, म्हणून हो म्हटलं.

कागदपत्रं तपासताना कंपनीच्या एचआरने विचारलंच की बँकेत दर महिन्याला दोन जमा का दिसतात, एक 18 हजारांची आणि एक साडेपाच हजारांची. मी काही समजावत बसलो नाही, तोच जुना मेल पुन्हा पाठवला. दुपारी त्यांचं "ओके" आलं.

पुढच्या रविवारी वणीत खोली पाहायला गेलो. मालक म्हणाला, भाडं पाच हजार. फोनवर तर साडेचार सांगितले होते, मी म्हटलं. तो म्हणाला, "लिहून देल्लं होतं का?"