पुणे ते बंगळूर ट्रकमधून: कारचा चार्जर टिकला का?

घर हलवायचं होतं म्हणून सामानाच्या ट्रकमध्येच ड्रायव्हरभाऊंच्या शेजारी बसून गेलो, पुणे-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी-चित्रदुर्ग असा रूट. बाकी रस्त्याचं काय सांगायचं, तो सगळ्यांना माहितीये. मोबाईल चार्जिंगचं जे झालं तेवढं लिहितो.

कारमधला जुना दीडशे रुपयांचा चार्जर सोबत घेतला होता. निघण्याआधी गाडी बंद असताना लावून बघितला, लाईट लागली, मोबाईल चार्ज व्हायला लागला, म्हटलं झालं काम. पण खंबाटकीच्या आधीच जळका वास आला आणि लाईट गेली. नशीब मोबाईल तेव्हा लावलेला नव्हता. भाऊ हसले, "दादा, ही चोवीसची गाडी आहे, कारचं सामान इथं चालत नाही."

मोठ्या ट्रकला आणि बसला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे मिळून चोवीस व्होल्ट. कराडला जेवायला थांबलो तेव्हा मल्टिमीटर काढून सॉकेट मोजलं (मधला पॉईंट प्लस, बाजूची पत्री मायनस), गाडी बंद असताना २५ च्या आसपास आणि इंजिन चालू केल्यावर २८. म्हणजे बंद गाडीत चाललं म्हणजे पुढेही चालेल असं नाही. माझा चार्जर उघडला तर आतल्या इनपुटच्या कपॅसिटरवर २५ व्होल्ट छापलेलं होतं, तो फुगून फुटला होता. आणि आतला स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर २८ व्होल्ट सरळ मोबाईलवर जाऊ शकतात, तिथं प्लगमधला फ्यूज वेळेत उडेलच असं नाही.

मग कोल्हापूरला दुसरा घेतला, त्यावर इनपुट १२-२४ लिहिलेलं. इथं २४ म्हणजे चोवीसची सिस्टीम असं धरायचं, पण जमलं तर ३० किंवा ३२ पर्यंत लिहिलेलाच घ्या, उगाच काठावर कशाला. नुसतं १२ लिहिलं असेल किंवा काहीच लिहिलं नसेल तर लावू नका. हा दुसरा बंगळूरपर्यंत नीट चालला, हाताला कोमट लागायचा एवढंच.

टायरमध्ये हवा भरायचा कारचा छोटा पंप मात्र पिशवीतून काढलाच नाही. त्यात सरळ १२ ची मोटर असते, दुप्पट व्होल्टेज मिळालं की जोरात फिरते आणि जळते. त्याला २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लागतो, तोही पंप जेवढे अँपिअर ओढतो तेवढे झेपणारा, मोबाईलपुरता छोटा नाही. काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढून १२ घेतात, तसं करायला सांगू नका कुणाला, ती एक बॅटरी रोज उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, शेवटी जोडीच बदलावी लागते.

छोटा हत्ती किंवा पिकअपमधून जाणार असाल तर ती बाराचीच असते, कारचा चार्जर बिनधास्त लावा.