तुम्ही विचारलंत म्हणून : अन्सेल्म स्वतःच्या शब्दांत कसा लिहावा

"मॅडम, शब्द बदलले की तुम्ही म्हणता युक्तिवाद बिघडला, आणि शब्द तसेच ठेवले की म्हणता नक्कल झाली. मग आम्ही लिहायचं तरी काय?"

दुसऱ्याचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत कसा मांडावा, याविषयी तुम्ही मला हे विचारलेत. अवतरणचिन्हे कुठे द्यावीत आणि किती टक्के साम्य चालते हे तुम्हांला पाठ आहे, म्हणून त्याविषयी मी काही सांगणार नाही. मी एकच उतारा घेते : अकराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वचिंतक अन्सेल्म याने १०७७-७८ च्या सुमारास नॉर्मंडीतील बेकच्या मठात लिहिलेल्या 'प्रोस्लोगिऑन'चे दुसरे प्रकरण. तुमच्यापैकी बहुतेकांच्या वह्यांवर माझी लाल शाई याच उताऱ्यापाशी सर्वांत जास्त सांडते. शिवाय चुकीच्या सारांशाने हा युक्तिवाद नेमका कुठे मोडतो, हे खुद्द अन्सेल्मनेच त्याच्या पहिल्या टीकाकाराला दाखवून दिलेले आहे.

सगळा भार एका शब्दबंधावर आहे : 'ज्याहून थोर असे काही विचारात आणता येत नाही, ते'. देव म्हणजे हे, असे अन्सेल्म धरून चालतो. या शब्दबंधात देव कसा आहे, किती मोठा आहे, याचे वर्णन मुळीच नाही. त्यात एक नकार आहे आणि तो नकार विचाराच्या शक्यतेला लावलेला आहे. जगात प्रत्यक्ष काय काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. 'देव नाही' असे म्हणणाऱ्या मूढालाही हे शब्द ऐकल्यावर कळतात, आणि जे कळते ते निदान त्याच्या बुद्धीत तरी असते. आता ते फक्त बुद्धीतच आहे असे धरा. मग ते प्रत्यक्षातही आहे असा विचार करता येईल, आणि अन्सेल्मच्या मते तसे असणे अधिक थोर आहे. म्हणजे ज्याहून थोर काही विचारात आणता येत नाही, त्याहूनच थोर काही विचारात आणता आले. हा विसंवाद आहे, म्हणून धरलेली गोष्ट सोडावी लागते. युक्तिवाद पटावा असा माझा आग्रह नाही, मलाही तो पटलेला नाही. पण विसंवाद आपोआप निर्माण होतो तो त्या नकारामुळे आणि त्या शक्यतेमुळे, एवढे मात्र सारांशात टिकलेच पाहिजे.

आता एका लघुप्रबंधाविषयी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तोच आहे असे मला वाटते. एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने अन्सेल्मवर लिहिले होते. त्याच्या पहिल्या मसुद्यात हा शब्दबंध जागोजागी जसाच्या तसा होता, कधी अवतरणात तर कधी अवतरणाशिवाय, आणि भोवतालची वाक्ये एका मराठी पाठ्यपुस्तकाच्या वाक्यांमागून चालत होती. साम्य तपासणाऱ्या संगणकीय अहवालात ही पाने रंगून आली. विभागाकडून टक्केवारी खाली आणण्याची सूचना मिळाली, पण कोणत्या ओळी रंगल्या आहेत आणि का, हे सूचना देणाऱ्यांपैकी कोणी उघडून पाहिले नाही. त्याने मग प्रत्येक रंगीत शब्दाला दुसरा शब्द शोधला. 'मूढ'चा 'अज्ञानी मनुष्य' झाला, 'बुद्धीत'चे 'मनात' झाले, आणि तो लांबलचक, अवघड शब्दबंध तीन शब्दांवर आला : 'सर्वांत थोर अस्तित्व'. टक्केवारी खाली आली आणि लघुप्रबंध स्वीकारला गेला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला. देव म्हणजे सर्वांत थोर अस्तित्व, असे तुम्ही लिहिले आहे. मग गौनिलोचे बेट आणि अन्सेल्मचा देव यांत फरक काय राहिला? मार्मूतिएच्या मठातला संन्यासी आणि अन्सेल्मचा पहिला टीकाकार गौनिलो याचा आक्षेप तुम्हांला माहीत आहे : सर्व भूमींहून उत्तम असे एक हरवलेले बेट आहे असे कोणी सांगितले, मला ते कळले, म्हणून ते असलेच पाहिजे, असे म्हणायचे काय? विद्यार्थ्याने स्वतःचे पान उलटून पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, की या व्याख्येने आक्षेप बरोबर ठरतो. परीक्षक म्हणाले, "मग शेवटचे प्रकरण कशासाठी लिहिलेत?" शेवटचे प्रकरण आक्षेपाला उत्तर देण्यासाठीच होते. हाच मुलगा माझ्यासमोर बसून त्या नकाराचे काम तासभर समजावून सांगू शकत असे. त्या दिवशी तो गप्प बसला, कारण समोरच्या पानावर जे लिहिले होते त्यातून उत्तर निघतच नव्हते, आणि ते पान त्याचेच होते.

मला आजही संताप येतो तो याचा, की अहवालात निर्दोष ठरलेले ते पान दोन्ही बाजूंनी सदोष होते. वाक्यांचा क्रम, उदाहरण कुठे यायचे, 'म्हणून' कुठे पडायचे, हे सगळे पाठ्यपुस्तकाचे तसेच राहिले होते, म्हणजे नक्कल शाबूत होती. बदलला होता तो फक्त युक्तिवाद. शब्दाला शब्द लावून पाहणाऱ्या यंत्राला यातले काहीच दिसत नाही, आणि माणसांनी पाहायचे ठरवलेले नव्हते.

'सर्वांत थोर' म्हटल्याने नेमके काय जाते ते पाहा. जगात देव नाही असे धरले, तरी जे काही आहे त्यात एखादे सर्वांत थोर असेलच. तो सूर्य असेल किंवा एखादा राजा असेल. त्यात कोणताही विसंवाद नाही. शिवाय जे आहे त्यात सर्वांत थोर असलेल्या वस्तूहून अधिक थोर असे काही, प्रत्यक्षात नसले तरी, विचारात आणता येऊ शकते. अन्सेल्मने गौनिलोला दिलेल्या उत्तराच्या पाचव्या भागात हीच तक्रार केली आहे : 'सर्वांहून थोर' असे मी कुठेही म्हटलेले नाही, आणि त्यावरून माझा निष्कर्ष काढायचा तर आणखी एक आधारविधान लागेल. गंमत अशी की गौनिलो आपल्या टीकेच्या सुरुवातीला मूळ शब्दबंध अचूक देतो आणि पुढे लिहिता लिहिता 'सर्वांहून थोर' यावर घसरतो. त्याच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही. लांब शब्दबंध वारंवार लिहिण्याचा कंटाळा माणसाला येतोच, आणि आखूड पर्याय समोर असतो.

तुमच्यासाठी मी काय करते ते सांगते. मूळ उतारा वाचून झाल्यावर युक्तिवाद ज्याच्याशिवाय चालत नाही तो शब्दबंध एकदा, एकाच ठिकाणी, अवतरणात आणि प्रकरणाचा क्रमांक देऊन लिहायचा. बाकी सगळे पुस्तक मिटून. पुस्तकाच्या क्रमाने जायचे नाही. मी बहुतेकदा मूढाने घेतलेल्या भूमिकेपासून सुरुवात करते. उदाहरणार्थ :

'देव नाकारणारा माणूस नेमके काय नाकारतो, हे अन्सेल्म आधी ठरवतो. नाकारण्यासाठी त्याला "ज्याहून थोर असे काही विचारात आणता येत नाही" हे शब्द समजावे लागतात, त्यामुळे ज्याविषयी बोलायचे ते त्याच्या बुद्धीत आधीच आहे. त्याचा दावा एवढाच उरतो की ते बुद्धीबाहेर नाही. अन्सेल्मचे म्हणणे असे की हा दावा स्वतःलाच खोडतो. बुद्धीबाहेरही असणे हे अधिक थोर असेल, तर दावा करणाऱ्याने आपल्या विषयाहून थोर काहीतरी विचारात येऊ दिले, आणि विषयाच्या व्याख्येने नेमके तेच वर्ज्य आहे.'

यात मांडणी माझी आहे. चित्र आधी मनात योजून मग रंगवणाऱ्या चित्रकाराचे अन्सेल्मचे उदाहरण मी गाळले, कारण त्याने बुद्धीत असणे आणि आहे हे जाणणे यांतला फरक स्पष्ट होतो, पण निष्कर्ष त्यावर उभा नाही. 'अधिक थोर असेल, तर' हा 'तर' मी मुद्दाम ठेवला, कारण अन्सेल्म ते गृहीत धरतो, सिद्ध करत नाही, आणि सारांशाने लेखकाला त्याच्याहून बलवान करायचे नसते. 'अस्तित्व हा परिपूर्णतेचा एक गुण आहे' हे वाक्य तुमच्यापैकी अनेक जण येथे घालतात. ते देकार्तच्या १६४१ च्या पाचव्या चिंतनाकडचे आहे, आणि ते आले की अस्तित्व हा गुणच नाही हे कांटचे उत्तर नको तिथे येऊन बसते. 'अन्सेल्मच्या मते देव केवळ बुद्धीत आहे' असेही मी वाचलेले आहे, ज्यात खोडण्यासाठी धरलेली बाजू लेखकाच्याच तोंडी गेली.

लिहून झाल्यावर कस लावायचा तो असा : ज्याने मूळ वाचलेले नाही त्याला तुमचा सारांश द्या, बेटाचा आक्षेप सांगा आणि विचारा की केवळ या पानावरून अन्सेल्म काय उत्तर देऊ शकेल. तो काहीच बोलू शकला नाही, तर काय हरवले ते शोधा.

याला माझ्याच जुन्या मताचा आक्षेप आहे. पूर्वी मी वर्गात म्हणत असे की ज्याला खरोखर कळले त्याला एकही शब्द उसना घ्यावा लागत नाही, आणि अवतरण म्हणजे न समजलेल्या जागेवर घातलेले पांघरूण. ते मत मला आजही सोडवत नाही, कारण खुद्द अन्सेल्म हा शब्दबंध एकसारखा लिहीत नाही. कधी 'काहीतरी ज्याहून', कधी 'ते ज्याहून', कधी 'विचारात येऊ शकत नाही'साठी वेगळे क्रियापद. सांगाडा तेवढा कायम. मग 'ज्याला मागे टाकील अशा कशाचाही विचार शक्य नाही' असे माझ्या विद्यार्थ्याने लिहिले असते, तर नकार आणि शक्यता दोन्ही टिकल्या असत्या आणि अवतरणाची गरजच उरली नसती. हे मला मान्य आहे. तरीही मी अवतरण मागते, कारण वाचणाऱ्याला माझा सारांश ताडून पाहता आला पाहिजे. अन्सेल्मचा चरित्रकार एडमर सांगतो की गौनिलोची टीका आणि आपले उत्तर दोन्ही मूळ ग्रंथाला जोडून नकलावीत, असे अन्सेल्मनेच सांगितले होते, आणि म्हणून गौनिलो कुठे घसरला हे आपल्याला आज दिसते.

पण हेही पुरेसे उत्तर नाही, कारण 'ज्याहून थोर बेट विचारात आणता येत नाही असे बेट' असा अचूक सांगाडा घेऊन आक्षेप पुन्हा मांडता येतो, आणि तेव्हा अन्सेल्मला सारांशाच्या चुकीमागे लपता येत नाही. त्या विद्यार्थ्याने शब्दबंध नीट राखला असता तरी परीक्षकांनी पुढचा प्रश्न हाच विचारला असता. त्यावर काय म्हणावे, याबद्दल माझे आणि त्याचे आजही जमत नाही.