तीन साइझ, एक फ्रेंच बुलडॉग

कुत्र्यांच्या हार्नेसचं वर्णन लिहिणं हे माझं काम. परत आलेल्या मालाचे शेरेही मीच वाचते. त्यातल्या एका ग्राहकाने एकाच कुत्र्यासाठी एकाच हार्नेसचे एस, एम आणि एल असे तिन्ही साइझ मागवून परत केले होते. गोदामातल्या मंडळींनी ‘चक्रम ग्राहक’ म्हणून विषय संपवला. मी त्या ग्राहकाला फोन करून मापं विचारली.

फ्रेंच बुलडॉग, वजन १२ किलो, छातीचा घेर ५७ सेंटिमीटर. माप बरोबर घेतलेलं होतं: कुत्रा उभा, टेप पुढच्या पायांच्या किंचित मागे, जिथे बरगड्या सगळ्यात रुंद असतात तिथे. आमच्या पानावर एस हा ४२ ते ५२, एम ५२ ते ६६ आणि एल ६६ ते ८० सेंटिमीटर घेरासाठी आहे. म्हणजे सरळ एम. पण जातींच्या रकान्यात फ्रेंच बुलडॉग एसमध्ये होता, कारण मार्केटिंगवाल्यांनी तो रकाना कुत्र्यांचे फोटो बघून भरलेला. बुटका कुत्रा म्हणजे लहान साइझ! एसचं बकल लागलंच नाही.

एमने मात्र मला विचारात पाडलं. छातीला तो नीट बसला असता, पण डोक्यातून गेलाच नाही. या हार्नेसचे छातीचे दोन्ही पट्टे सरकवता येतात, गळ्याची कडी मात्र शिवून पक्की केलेली आहे. तेवढ्याच वजनाच्या बीगलचं डोकं तिच्यातून सहज जातं, बुलडॉगचं अडकतं. एल डोक्यातून गेला. पट्टे पार आवळले तरी घेर ६६च्या खाली येईना. नऊ सेंटिमीटर ढिला हार्नेस एका बाजूला फिरतो आणि कुत्रा मागे रेटून पाय सोडवून घेतो. तसंच झालं.

आणि वर्णनात ‘अॅडजस्टेबल’ असं ठळक अक्षरात. काय अॅडजस्टेबल, हे कुठेच नाही.

मी वर्णन बदललं. छातीचा घेर पहिल्या ओळीत. आकडे कुत्र्याच्या अंगाचे आहेत, दोन बोटं जाण्याइतकी सैल जागा त्यात आधीच धरली आहे, हेही लिहिलं, नाहीतर लोक टेपखाली बोटं घालून मोजतात आणि सैलपणा दोनदा धरला जातो. जातींची उदाहरणं ठेवली, पण घेरानुसार, आणि काही जाती एम-एल दोन्हीकडे, कारण एकाच जातीतली लहान चणीची मादी आणि भरदार नर यांच्यात साइझचा फरक पडतोच. शेवटी एक ओळ: ‘गळ्याची कडी उघडत नाही. रुंद डोक्याच्या कुत्र्यांसाठी गळ्याला बकल असलेला प्रकार घ्या.’

ती शेवटची ओळ साहेबांनी काढली. विक्री कमी होईल म्हणे. परतीच्या कुरिअरचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो, त्यामुळे तो त्यांना दिसत नाही. मी ती ओळ आता साइझच्या तक्त्याखाली टीप म्हणून टाकली आहे. अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही.