तारा गेल्या, पट्टा अजून दिसतोय

शॉट ११२ फ्रेमचा आहे, २५ च्या वेगानं जेमतेम साडेचार सेकंद. नर्तिका दोन पावलं धावते, कमरेला लावलेल्या दोन तारांवर उचलली जाते, हवेत अर्धी गिरकी घेते आणि उतरते. मागे विटांची भिंत. तारा पुसून त्यांच्या जागी हीच भिंत भरायची आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, पण तिच्याबरोबर हळूच उजवीकडे वळतो. शूट करणाऱ्या मैत्रिणीनं शेवटी नर्तिकेला बाजूला उभं करून तोच पॅन पुन्हा घेतला, म्हणजे रिकाम्या भिंतीची प्लेट, आणि मधे कॅमेरा सेकंदभर थांबवला. त्या एका सेकंदासाठी तिचे पाय धरायला हवेत, कारण हातानं फिरवलेला पॅन दोनदा सारखा होत नाही. प्लेटची तिसावी फ्रेम शॉटच्या तिसाव्या फ्रेमवर कधीच बसणार नव्हती.

म्हणून हलती प्लेट सोडून दिली. थांबलेल्या भागातल्या १६ फ्रेमची सरासरी काढून एकच स्वच्छ चित्र तयार केलं. सरासरीनं ग्रेन, म्हणजे चित्रातली बारीक खरखर, साधारण एक चतुर्थांशावर येतो, आणि ते पुढे कामाला येतं. नर्तिका हवेत असते तेवढा सगळा भिंतीचा भाग या एका चित्रात मावतो. मग शॉटमध्ये भिंतीवरचे चार बिंदू ट्रॅक केले आणि चित्र Nuke मधल्या CornerPin2D नं त्यांच्यावर चिकटवलं. कॅमेरा जागेवरच वळतोय, सरकत नाहीये, त्यामुळे पॅरॅलॅक्सची भानगड जवळपास नाही. तो डॉलीवर असता तर भिंत आणि तिच्यापुढची खुर्ची यांना दोन वेगळे पॅच करावे लागले असते.

मधल्या भागात विटा विटांवर बसल्या. चौकटीच्या वरच्या कडेला मात्र दोन पिक्सेल सरकत होत्या, आणि तारा तर वरूनच येतात! ट्रॅक तीनदा पुन्हा केल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ट्रॅक बरोबरच आहे, वाक लेन्सचा आहे. आता प्लेट आणि ट्रॅकिंगसाठी घेतलेला शॉट दोन्ही आधी सरळ करतो, त्यावर पॅच बसवतो आणि शेवटी फक्त पॅचला पुन्हा तोच वाक देतो. मूळ शॉट या फेऱ्यातून फिरवायचा नाही, नाहीतर आख्खं चित्र किंचित मऊ पडतं.

तारेवरचा रोटो, म्हणजे पॅच जिथे दिसायचा ती आखलेली पट्टी, अगदी अरुंद ठेवला. तार तीन पिक्सेलची, पट्टी नऊची, कडा थोड्या विरघळलेल्या. वेगाच्या फ्रेममध्ये तार पसरते, तिथे पट्टीही रुंद केली. तरी पहिला रेंडर चालवला तेव्हा तारांच्या जागी दोन गुळगुळीत रेघा चमकत होत्या. एकेक फ्रेम थांबवून पाहिली की काहीच दिसत नव्हतं. चालू केलं की दिसायचं.

कारणं दोन निघाली आणि ती एकात एक गुंतलेली होती. पहिलं म्हणजे प्रकाश. प्लेट नंतर घेतल्यामुळे भिंत किंचित गडद होती, आणि एक दिवा शॉटभर हलकासा लपलपत होता. एकदाच ग्रेड करून भागणार नव्हतं, दर फ्रेमला वेगळा गुणक हवा. तारेच्या शेजारी, जिथे नर्तिका येत नाही अशा भिंतीवर एक छोटा चौकोन घेतला, तो भिंतीच्या ट्रॅकवर चालवला आणि CurveTool नं त्याची सरासरी शॉटमधून आणि बसवलेल्या प्लेटमधून काढली. चाळिसाव्या फ्रेमला लाल चॅनेल शॉटमध्ये ०.१८२, प्लेटमध्ये ०.१६९, म्हणजे गुणक १.०७७. Grade मधल्या multiply ला लाल चॅनेलसाठी ही ओळ दिली, हिरव्या-निळ्याला तशाच:

```
CurveTool1.intensitydata.r / CurveTool2.intensitydata.r
```

हे लिनियर प्रकाशातच करायचं, म्हणजे पिक्सेलचे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असतात तिथे. गॅमा लावलेल्या चित्रावर तोच हिशेब उजळ विटेला बसतो आणि तिच्या शेजारच्या काळ्या सांध्याला बसत नाही.

दुसरं कारण ग्रेन. सरासरीच्या चित्रात तो जवळपास नाहीच, म्हणून रेघ गुळगुळीत दिसत होती. आधी एकच फ्रेम धरून केलेल्या प्रयोगात उलटं झालं होतं: ग्रेन होता, पण गोठलेला, काचेवर धूळ बसावी तसा. उपाय म्हणजे शॉटचाच ग्रेन काढून लावणं. शॉटमधून त्याची डीनॉइज केलेली प्रत वजा केली की नुसता ग्रेन उरतो. पण तारेच्या जागी त्या वजाबाकीत तारेचा माग राहतो. म्हणून तो ग्रेन चाळीस पिक्सेल बाजूला सरकवून पॅचवर मिळवला. सरकवलेली जागा तेवढ्याच उजेडाची हवी, कारण सावलीतला ग्रेन आणि उजेडातला ग्रेन सारखा नसतो. क्रमही सांभाळायचा: आधी प्रकाश जुळवायचा, मग ग्रेन मिळवायचा. उलटं केलं तर गुणक ग्रेनलाही लागतो.

तपासणीची माझी पद्धत: मूळ शॉट आणि तयार शॉट यांची वजाबाकी करायची आणि व्ह्यूअरचा गेन भरपूर वाढवायचा. तारेच्या अरुंद पट्टीत तार आणि बारीक खरखर एवढंच दिसायला हवं. विटांचे सांधे दिसले तर पॅच सरकलाय, सगळी पट्टी सारखीच उजळ दिसली तर प्रकाश चुकलाय. याच तपासणीत मूळ शॉट गेन वाढवून पाहिला आणि भिंतीवर तारांच्या सावल्या सापडल्या. दोन रात्री तारा पुसल्या, सावल्या तशाच होत्या. त्यांना तोच पॅच चालला, फक्त रोटोच्या कडा बऱ्याच जास्त मऊ केल्या.

केसांवरून तार जाते अशा आठ फ्रेम आहेत. तिथे क्लीन प्लेटचा उपयोग शून्य, कारण तारेमागे भिंत नाही, केस आहेत. त्या फ्रेममध्ये त्याच फ्रेमचे शेजारचे पिक्सेल सहा पिक्सेल बाजूनं ओढून आणले. प्रकाश आणि ग्रेन आपोआप जुळले. बटा जरा दुहेरी होतात, पण वेगात डोळ्याला कळत नाही.

आता पट्टा. हार्नेस कपड्याच्या आत आहे, पण दोन्ही बाजूंना तार अडकवायच्या कड्या बाहेर आहेत आणि ताण आला की तिथलं कापड तंबूसारखं वर उचललं जातं. कडी पुसणं सोपं. तो तंबू गेला नाही तर मात्र पाहणाऱ्याला काय चाललंय ते लगेच कळतं. कापडाची प्लेट मिळत नाही, म्हणून नर्तिका उतरल्यावर, तारा सैल झालेल्या फ्रेममधून कमरेचा तुकडा घेतला आणि प्लॅनर ट्रॅकवर बसवला. बाहेरची रेषा जिथे फुगते तिथे आधी बसवलेली भिंतीची प्लेट आत सारली. म्हणजे कंबर थोडी कापली आणि मागे भिंत भरली.

हा तुकडा चौदाच फ्रेम टिकतो. ती वळू लागली की चुण्यांवरचा उजेड बदलतो आणि तुकडा ठिगळ दिसायला लागतो. मग दुसरा तुकडा, आणि दोघांमध्ये चार फ्रेमचा डिझॉल्व्ह. गिरकीच्या ऐन वेगात तुकड्याला तेवढाच मोशन ब्लर लागतो. शूट १/५० शटरवर झालंय, म्हणजे फ्रेमच्या अर्ध्या वेळाचा, म्हणून Transform मध्ये शटर ०.५ ठेवलं.

आजची स्थिती: तारा आणि सावल्या सगळ्या ११२ फ्रेममध्ये गेल्या. डाव्या बाजूची कडी पूर्ण झाली. उजवीकडे ५८ ते ६६ या नऊ फ्रेममध्ये ट्रॅक सुटतो, कारण कमरेवर धरायला डागच उरत नाही, नुसता पसरलेला रंग आहे. तिथे आता तुकडा हातानं दर तिसऱ्या फ्रेमला बसवून पाहणार आहे.