गडशोध, नोंद ४ : ‘कुठे’ या शब्दाचे वजन

माझ्याकडे जमलेल्या किल्ल्यांच्या नोंदी आता १,००० झाल्या आहेत, आणि त्यांवर चालणारे छोटे शोधयंत्र मागच्या महिन्यात ‘राजगडावर पाणी कुठे मिळते’ या प्रश्नापाशी अडले. पद्मावती तलाव, माचीवरची टाकी आणि बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे यांची नेमकी माहिती देणारी ३०० शब्दांची नोंद माझ्याकडे असतानाही पहिल्या क्रमांकावर २,४०० शब्दांचे एक प्रवासवर्णन येत होते, ज्यात पाण्याचा उल्लेख केवळ जाता जाता आला आहे. ही नोंद त्या एका चुकीच्या शोधाची आहे.

गुणांकनासाठी मी बीएम-२५ हेच सूत्र वापरतो. स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लंडनच्या सिटी विद्यापीठातील ‘ओकापी’ या प्रणालीसाठी १९९४ च्या सुमारास सिद्ध केले. प्रश्नातील प्रत्येक शब्दाचे गुण स्वतंत्रपणे काढायचे आणि त्यांची बेरीज करायची, एवढीच त्याची रचना आहे.

```
idf  = ln(1 + (N - n + 0.5) / (n + 0.5))
गुण  = idf * f * (k1 + 1) / (f + k1 * (1 - b + b * L / avgL))
```

येथे idf म्हणजे शब्द संग्रहात जितका दुर्मीळ तितके वाढणारे त्याचे वजन, N म्हणजे एकूण नोंदी, n म्हणजे तो शब्द असलेल्या नोंदी, f म्हणजे शब्द त्या नोंदीत किती वेळा आला ते, आणि L म्हणजे नोंदीची लांबी. माझ्या संग्रहात सरासरी लांबी, म्हणजे avgL, ४०० शब्दांची आहे; k1 हा शब्दाच्या पुनरावृत्तीला किती मोल द्यायचे ते ठरवतो आणि b हा लांबीचा दंड ठरवतो, आणि k1 = 1.2 व b = 0.75 हे रूढ आकडे मी तसेच ठेवले आहेत. भागाकारामुळे एखादा शब्द पन्नास वेळा लिहिला तरी त्याचा गुणक २.२ च्या पुढे जाऊ शकत नाही, ही या सूत्रातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

मूळ प्रश्नाकडे जाण्यापूर्वी प्रत्ययांचा हिशेब सांगायला हवा, कारण तो चुकला तर पुढचे सारे व्यर्थ ठरते. ‘राजगडावर’ आणि ‘राजगडाचा’ हे संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून मी विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि सामान्यरूपाचा शेवट तोडतो. ‘पाणी’ आणि ‘पाण्याची’ हे दोन्ही त्यामुळे ‘पाण’ या एकाच मुळाशी येतात. मात्र पहिल्या आवृत्तीत ‘नी’ हा प्रत्यय सरसकट तोडल्यामुळे ‘संजीवनी माची’ शोधल्यावर संजीव नावाच्या एका सोबत्याची पाककौशल्ये वर्णन करणारी नोंद वर आली होती, आणि ‘ला’ तोडल्यामुळे ‘किल्ला’ चा ‘किल्’ झाला होता. अशा शब्दांची अपवादसूची हातानेच करावी लागली. ती अजून वाढते आहे.

आता मूळ चूक. माझा पहिला संशय लांबीवर गेला. प्रवासवर्णन मोठे, म्हणून त्यात शब्द जास्त, म्हणून ते वर, असे मला वाटले, आणि लांबीचा दंड वाढवण्यासाठी मी b चे मूल्य १ केले. पाण्याची नोंद ८.७४ गुणांनी पहिली आली, प्रवासवर्णन ७.९६ वर उतरले. परंतु त्या दोघांच्या मध्ये ८.१९ गुण घेऊन ‘राजगडाचे फोटो’ अशा स्वरूपाची १५ शब्दांची एक नोंद येऊन बसली, जिच्यात पाण्याचा उल्लेखही नाही. दंड वाढवला की तोकड्या नोंदींना आपोआप बक्षीस मिळते, हे मी विसरलो होतो. b पुन्हा ०.७५ वर आणला आणि प्रत्येक शब्दाचे गुण वेगळे छापून पाहिले.

‘राजगड’ २० नोंदींत आहे, म्हणून त्याचे idf ३.८९ येते. ‘पाणी’ ४०० नोंदींत आहे, कारण गडावर जाणारा प्रत्येक माणूस पाण्याबद्दल लिहितोच, म्हणून त्याचे idf केवळ ०.९२. ‘मिळते’ २५० नोंदींत असून त्याचे १.३९, आणि ‘कुठे’ फक्त १५० नोंदींत असल्यामुळे त्याचे तब्बल १.८९ ! म्हणजे विचारणाऱ्याला ज्याची गरज आहे त्या पाण्यापेक्षा ‘कुठे’ हा शब्द यंत्राला दुपटीहून अधिक मोलाचा वाटत होता.

पाण्याच्या नोंदीला ‘राजगड’ चार वेळा आल्याबद्दल ६.८८ आणि ‘पाणी’ सहा वेळा आल्याबद्दल १.७३ असे एकूण ८.६१ गुण मिळाले. प्रवासवर्णनाला याच दोन शब्दांबद्दल ६.१८ च गुण होते. मात्र ‘वाट कुठे चुकली ते कळेना’ यांसारख्या वाक्यांतील ‘कुठे’ ने १.७२ आणि ‘मिळते’ ने १.०५ ची भर घातली, आणि बेरीज ८.९५ झाली. जी नोंद उत्तर देते ती सहसा ‘कुठे’ असे लिहीतच नाही. ती सरळ जागेचे नाव सांगते.

दुर्मीळ शब्दाला अधिक वजन देण्याची कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली आणि ती अजूनही पक्की आहे, परंतु ती दुर्मीळता संग्रहात मोजली जाते. ‘कुठे’ संग्रहात विरळ असला तरी प्रश्नांमध्ये मुळीच विरळ नाही. मित्रांनी मला लिहून दिलेल्या ४० प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांत कुठे, कसे, कधी किंवा किती यांपैकी एक शब्द आहे. म्हणून प्रश्नांमध्ये वारंवार येणाऱ्या शब्दांचे गुण मी ०.२ ने गुणले. आता पाण्याची नोंद ८.६१, प्रवासवर्णन ६.७३ आणि फोटोंची नोंद ६.४१ असा क्रम लागतो.

येथे कोणी पेजरँकची आठवण करून देईल. ब्रिन आणि पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेली ती पद्धत पानांमधील दुव्यांवरून पानाचे महत्त्व ठरवते, पण ते महत्त्व प्रत्येक प्रश्नासाठी सारखेच राहते. त्यामुळे एकाच गडावरच्या दोन नोंदींपैकी पाण्याबद्दलची कोणती हे ते सांगू शकत नाही. शिवाय माझ्या नोंदींत एकमेकींचे दुवे जवळजवळ नाहीतच.

बदल तपासण्यासाठी त्या ४० प्रश्नांची योग्य नोंद आधीच ठरवून ठेवली होती. ती पहिली आली तर १, दुसरी आली तर १/२, तिसरी आली तर १/३, असे मोजून सरासरी काढतो, ती ०.५२ वरून ०.६४ झाली. एक प्रश्न मात्र उघडपणे बिघडला : ‘राजगडावर कसे जायचे’. ‘कसे’ आणि ‘जायचे’ या दोघांचेही वजन गेल्यावर शिल्लक उरतो तो एकटा ‘राजगड’, आणि मग पुन्हा पाण्याचीच नोंद पहिली येते; गुंजवणे आणि पाली या पायथ्याच्या गावांतून चढणाऱ्या वाटांची नोंद चौथ्या क्रमांकावर जाते. ‘कसे जायचे’ ही जोडी दिसली की प्रश्नात ‘वाट’, ‘पायथा’ आणि ‘एसटी’ हे शब्द कमी वजनाने मिसळून पाहणे हे पुढच्या रविवारचे काम आहे. ‘वाट’ हा शब्द ‘वाट पाहणे’ मध्येही येतो, हे आत्ताच लक्षात आले आहे.