टपाला हात लावून बघा

गाडीचं मॉडेल घरात चार दिवसांत ठरलं. रंगाला सव्वा महिना लागला. बायकोला काळी हवी होती, आबांचं म्हणणं "पांढरी घ्या, विकताना कोण नाही म्हणत नाही", आणि मला चंदेरी. माझं कारण सरळ होतं: गाडी धुवायचा मला कंटाळा आहे.

मे महिन्यातल्या एका दुपारी राजारामपुरीत मेहुण्याची काळी गाडी आणि शेजारी कुणाची तरी पांढरी, दोन्ही तासभर उन्हात उभ्या होत्या. मी आधी काळीच्या टपाला हात लावला. दोन आकडे मोजायच्या आत तो मागं आला. पांढरीच्या टपावर हात ठेवून मेहुण्याशी गप्पा मारता आल्या. मी विजयी मुद्रेनं बायकोकडं बघितलं. तिनं काही न बोलता काळीचं दार उघडलं, मग पांढरीच्या मालकाची परवानगी काढून तिचंही. आतून दोन्ही भट्ट्याच! अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनं 2011 मध्ये एकाच मॉडेलची काळी आणि चंदेरी गाडी उन्हात लावून हेच मोजलं होतं. टपाच्या तापमानात 25 अंशांपर्यंत फरक पडला, पण आतल्या हवेत जेमतेम 5 ते 6 अंशांचा. कारण आत येणारं ऊन बरंचसं काचेतून येतं, आणि काचेला बाहेरच्या रंगाशी घेणंदेणं नसतं. डॅशबोर्ड आणि सीट काळी असली की ती तापतात आणि तीच हवा तापवतात. हे 5-6 अंशही एसीला सोसावे लागतातच, पण चारी काचा खाली करून पहिला अर्धा किलोमीटर जावं, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाते. ते न करता एसी फुल सोडणारी माणसं मला कळत नाहीत.

तरी काळी बाद झाली, पण उन्हामुळं नाही, धुळीमुळं. काळ्यावर कोरडी धूळ पांढरी दिसते. ती दिसली की माणूस सुकं फडकं मारतो, आणि त्या धुळीतल्या बारीक कणांनी रंगावर गोल गोल ओरखडे उठतात. उन्हात तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. ओरखडे सगळ्याच रंगांवर पडतात हो, पण काळी चुगली करते.

मग चंदेरी. धूळ तिच्यावर जवळपास दिसतच नाही. गगनबावड्याकडची जांभ्याची तांबडी माती असो की शिरोळकडच्या शेतातली काळी, आठवडाभर खपून जाते. मी बुकिंगचा चेक लिहायलाच बसलो होतो, तोवर जुलैत बावड्याला जाणं झालं. करूळ घाटाच्या तोंडाशी पावसात समोरून एक चंदेरी गाडी आली, दिवे बंद. ओला डांबरी रस्ता, वर ढग आणि मध्ये ती, सगळं एकाच शेडचं. ती दिसली ती तिच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यामुळं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या 2007 च्या अभ्यासात पांढरीच्या मानानं काळी, करडी आणि चंदेरी या गाड्यांना दिवसा अपघाताचा धोका साधारण दहा-बारा टक्के जास्त आढळला होता. दाट धुक्यात मात्र पांढरीही विरघळते. तिथं दिवेच कामाचे. आणि दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांवर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत त्यावेळी मागचे दिवे लागतच नाहीत.

आबांचा मुद्दा तपासायला ओळखीच्या एजंटकडं गेलो. तो म्हणाला, "पांढरी लवकर जाती, पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: टुरिस्टला होती काय?" तिथंच एक चंदेरी उभी होती. तो दाराशी उकिडवा बसला, गाल जवळजवळ पत्र्याला टेकवला आणि मला खुणावलं. पुन्हा रंगवलेलं पुढचं दार समोरून बघितलं की बाकीच्या पत्र्याशी जुळायचं, बाजूनं बघितलं की गडद. चंदेरीत धातूचे बारीक कण असतात. रंग फवारायच्या गनचा दाब किंवा अंतर जरा बदललं की ते वेगळे बसतात आणि उजेड वेगळा परततो. म्हणून चांगला पेंटर नुसतं दार मारत नाही, शेजारच्या पत्र्यावरही रंग विरत नेतो. त्याचे पैसे अर्थात जादा. साध्या पांढऱ्याला ही भानगड नाही. मोतिया पांढऱ्याला आहे, तो थरांचा खेळ असतो.

शेवटी साधी पांढरी घेतली. आबा खूश.

पहिल्याच पावसात बावड्याहून परतलो तेव्हा दाराच्या खालच्या निम्म्या भागाला तांबडी झालर लागलेली. रविवारी सकाळी पाइप घेऊन अंगणात उभा होतो.

"चंदेरी असती तर अजून पंधरा दिवस चालली असती," बायको म्हणाली आणि साबणाची बादली माझ्याकडं सरकवली.