म्हशीची गोळी

गेली अकरा वर्षं सोलापुरात मेडिकल चालवतोय. जुन्या पेठेत दुकान आहे, सकाळी यंत्रमागाचे कामगार आणि दुपारी मोहोळ-अक्कलकोटकडून एसटीने आलेली मंडळी. तिथला हा प्रकार.

दुपारी साधारण दोनच्या सुमारास, ऊन असं की शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो, एक तिशीतला मुलगा आला. खिशातनं कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा काढला आणि म्हणाला, "सर, ही गोळी द्या की, आईच्या गुडघ्याला भारी लागू पडली बगा." तुकडा हातात घेतला तर एकच गोळी, पण केवढी! माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी, लांबट, मध्ये तोडायची खाच. फॉइलवर उरलेल्या अक्षरांत पॅरासिटामॉल १५०० आणि मेलॉक्झिकॅम १०० दिसत होतं, कंपनीचं नाव आणि बाकी सगळं कापून गेलेलं.

मी विचारलं, आई एका वेळी किती घेतात? तर म्हणे अर्धीच, रोज रात्री, तीन दिवस झाले. आणि त्याचा हिशोब ऐका, मला वाटतं तो ऐकून बरेच जण मान डोलावतील. आपण तापाला ६५० ची गोळी घेतोच, ही १५०० ची, म्हणजे अर्धी केली की ७५०, झालंच की जवळपास! पॅरासिटामॉलपुरता हिशोब बरोबरच होता. फसला तो दुसऱ्या नावात. मेलॉक्झिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध, माणसाला दिवसाला साडेसात मिलिग्रॅम देतात, फार तर पंधरा. अर्ध्या गोळीत पन्नास! म्हणजे जास्तीत जास्त डोसच्याही तिप्पट, आणि हे औषध शरीरातनं निम्मं व्हायलाच वीसेक तास लागतात, म्हणजे दुसऱ्या रात्रीची अर्धी पहिलीच्या शिल्लकीवर चढते. गुडघा थांबणारच की, औषध खोटं नव्हतं, माप म्हशीचं होतं.

म्हैस कुठून आली ते पण त्यानंच सांगितलं. घरच्या म्हशीला दगडी झाली होती, कास सुजली, तेव्हा जनावराच्या डॉक्टरनं दिलेल्या बोलसपैकी तीन उरल्या. बोलस म्हणजे जनावराची मोठी गोळी, हा शब्द पाकिटावर दिसला की माणसाचा विषय संपला. त्या फडताळात आईच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी पडल्या होत्या, कुणीतरी तीन गोळ्या कापून ठेवलेल्या, बाकी स्ट्रिप गेली.

मी म्हटलं बाकीचं पाकीट घरी असेल तर फोटो मागव. बायकोनं व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात सगळंच होतं, जनावराच्या डोक्याचं छोटं चित्र, खाली इंग्रजीत 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' (हे दोन्ही आपल्याकडे ड्रग्ज रूल्सप्रमाणे छापावंच लागतं), डोस वजनाच्या किलोवर, आणि औषध दिल्यावर इतके दिवस दूध वापरू नका असंही. दुधाची अट माणसाच्या पाकिटावर कशाला असेल! पण ते सगळं बॉक्सवर आणि स्ट्रिपच्या एका कडेला, आणि कात्रीनं नेमकी तीच कड उडवलेली. तुकड्यावर राहिलं काय तर ओळखीचं पॅरासिटामॉल.

मग मी मुद्द्याचं विचारलं, शौचाला कशी होते? तो लाजला, पण म्हणाला काल-परवापासनं काळी, डांबरासारखी. लघवी कमी, पायाला सूज. आणि बीपीच्या गोळीबरोबर आई रक्त पातळ करायची ७५ ची ॲस्पिरिनही घेतात! पोटातून रक्तस्राव आणि किडनीवर ताण, दोन्हीची शंका. मेलॉक्झिकॅमला उतारा असा नसतो, त्यामुळे मी घरगुती काही सुचवलं नाही, उलटी काढायलाही नको म्हटलं, आत्ता दवाखान्यात न्या, तुकडा आणि फोटो डॉक्टरांना दाखवा, आणि काय-किती-कधी घेतलं ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं. ॲस्पिरिन बंद करायची की नाही ते त्यांनाच ठरवू द्या हेही सांगितलं, कारण ती मनानं बंद करणं वेगळं संकट.

पाच दिवस ॲडमिट होत्या. अल्सरमधून रक्त गेलं होतं, एक बाटली रक्त चढवलं, किडनीची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं ते हळूहळू उतरलं. पंधरा दिवसांनी मायलेक दोघं दुकानात आले, शेंगाचटणीचा डबा घेऊन. मी म्हटलं मावशी, आता ती गोळी हाताला लागली तरी?

"न्हाई बाबा," म्हणाल्या, आणि मग हळूच, मुलाकडं न बघता, "पण तीन रात्री गुडघा अगदी गप होता बगा."